शिक्का नेमका कशावर?

“माझ्याकडे येणारा पोरगा मोबाइल पुढे करतो आणि म्हणतो, साहेब, हे बघा, खाली सर्टिफाइड लिहिलं होतं.” उमरग्यात वकिली करणाऱ्या गृहस्थांचा मुद्दा इथूनच सुरू होतो. “रमीच्या ॲपच्या तळाशी आयटेक लॅब्जचा गोल शिक्का. एखाद्या परदेशी कॅसिनोच्या पानावर ईकोग्राचा, नाहीतर जीएलआयचा. पोरगा तो शिक्का वाचतो आणि त्याच्या डोक्यात वाक्य तयार होतं, की ही कंपनी तपासलेली आहे, इथे फसवणूक नाही. माझं म्हणणं एवढंच, की शिक्क्याने असं काही म्हटलेलंच नसतं. आणि त्या पोराचा असा समज होतो हे कंपनीला पुरतं ठाऊक असतं. प्रयोगशाळेची फीसुद्धा तीच कंपनी भरते. आरोपीनेच पंचांना चहापाणी द्यावं, तसला हा प्रकार.”

त्यांच्याशी वाद घालणारा तरुण मूळचा त्याच तालुक्यातला. हैदराबादेत सॉफ्टवेअरची तपासणी हे त्याचं रोजचं काम, त्यामुळे ‘टेस्टिंग’ला कोणी नावं ठेवली की त्याला राहवत नाही.

“फी कंपनी देते, हे खरं आहे वकीलसाहेब. पण आपल्या मार्केट यार्डातल्या काट्यावर वैधमापनवाले शिक्का मारतात, त्याची फी कोण भरतं? आडत्याच ना? म्हणून काटा खोटा ठरत नाही. तपासणारा कोणाला उत्तरदायी आहे, हे महत्त्वाचं. या प्रयोगशाळांना आयएसओ 17025 या मानकाखाली मान्यता घ्यावी लागते आणि तपासणीची पद्धत लेखी ठेवावी लागते. चुकीचं प्रमाणपत्र दिलं तर एखाद्या देशाचा नियामक त्यांचं नाव यादीतून काढू शकतो, म्हणजे धंदाच बसला. ऑस्ट्रेलियात सुरू झालेली बीएमएम ही प्रयोगशाळा 1981 पासून आहे, जीएलआय 1989 पासून. एका रमी कंपनीसाठी इतक्या वर्षांचं नाव त्या पणाला लावतील, हे मला पटत नाही.

“आणि त्या करतात काय, तेही सांगतो. कंपनी आपला सोर्स कोड प्रयोगशाळेला देते. त्यातला मुख्य भाग आरएनजी, म्हणजे कोणता आकडा येईल याचा अंदाज बांधता येऊ नये असे आकडे देणारा प्रोग्राम. तो कोणत्या सूत्रावर चालतो, त्याला सुरुवातीचा आकडा, ज्याला सीड म्हणतात, कुठून मिळतो, हे माणूस बसून वाचतो. मग त्यातून लाखो आकडे काढून संख्याशास्त्राच्या चाचण्यांवर घासून बघतात. जॉर्ज मार्साग्लिया यांनी 1995 मध्ये दिलेला ‘डायहार्ड’ हा चाचण्यांचा संच त्यात प्रसिद्ध आहे. त्यानंतर, त्या आकड्यांवरून पत्ते पिसले कसे जातात, हे वेगळं तपासतात. आकडे चांगले आणि पिसणं वाईट, असंही होतं.”

“आकडे चांगले असतील तर पिसणं वाईट कसं होईल? आकडा आला, पत्ता आला.”

“तिथेच तर गोम आहे. समजा, आरएनजी 0 ते 255 यांपैकी कोणताही आकडा देतो, सगळ्यांना सारखी संधी. प्रोग्रामरला 52 पत्त्यांपैकी एक हवा आहे. तो सरळ 52 ने भागतो आणि बाकी घेतो. आता 256 मध्ये 52 चार वेळा बसतात, ते झाले 208, आणि 48 उरतात. म्हणजे पहिल्या 48 पत्त्यांना 256 पैकी पाच-पाच संधी मिळाल्या आणि शेवटच्या चार पत्त्यांना चार-चारच. हे चार पत्ते इतरांपेक्षा वीस टक्के कमी वेळा निघणार. कोणी लबाडी केली नाही, एक ओळ आळसाने लिहिली गेली, एवढंच. खेळणाऱ्याला हे जन्मात कळणार नाही, कारण तो शंभर-दोनशे डाव खेळतो. प्रयोगशाळा लाखो वेळा पिसून पाहते, म्हणून तिला कळतं. शिक्का याच्यासाठी असतो.”

वकिलांना उदाहरण पटले. पटलेली गोष्ट सरळ मान्य करण्याची त्यांच्या पेशाला सवय नसते, त्यामुळे त्यांनी कोठे तरी खरेच घडलेले प्रकरण मागितले. तरुणाने 1999 सालचे प्रकरण काढले. गेमिंग सॉफ्टवेअर तपासणाऱ्या मंडळींत ते आजही सांगितले जाते.

“प्लॅनेट पोकर नावाची साइट होती. तिचं सॉफ्टवेअर एएसएफ नावाच्या कंपनीचं. आपण किती प्रामाणिकपणे पत्ते पिसतो हे लोकांना कळावं, म्हणून त्यांनी पिसण्याचा कोडच जाहीर केला. रिलायबल सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीज या कंपनीतल्या लोकांनी तो वाचला. बावन्न पत्त्यांचा जोड किती तऱ्हेने लागू शकतो? आठवर सदुसष्ट शून्यं, एवढ्या. पण या प्रोग्रामचा सीड होता फक्त 32 बिटांचा, म्हणजे जोड लागण्याच्या तऱ्हा उरल्या जेमतेम सव्वाचारशे कोटी. बरं, तो सीड घ्यायचा घड्याळावरून, मध्यरात्रीपासून किती मिलिसेकंद झाले ते मोजून. दिवसात मिलिसेकंद असतात 8 कोटी 64 लाख. म्हणजे तऱ्हा आणखी घटल्या. त्यांनी आपलं घड्याळ सर्व्हरच्या घड्याळाशी जुळवून घेतलं, तेव्हा उरल्या सुमारे दोन लाख. एवढ्या तर साधा संगणक चुटकीसरशी तपासतो. आपल्या हातातले दोन पत्ते आणि टेबलावर उघडलेले तीन, असे पाच पत्ते कळले की बाकी सगळ्यांच्या हातात काय आहे आणि पुढे कोणता पत्ता उघडणार, हे त्यांचा प्रोग्राम बिनचूक सांगू लागला. या सगळ्याच्या मुळाशी सीड होता. आज प्रयोगशाळा सीड कुठून येतो हे अगदी सुरुवातीला विचारते, ते उगाच नाही.”

“तू दिलेला पुरावा माझ्या बाजूचा आहे,” वकील म्हणाले. “तिथे चूक सापडली ती कोड सगळ्यांपुढे होता म्हणून. बाहेरच्या माणसाने तो फुकट वाचला आणि दोष काढला. तुझ्या प्रयोगशाळेत काय होतं? कोड बंद लिफाफ्यात जातो, अहवालही बंद लिफाफ्यात येतो, आणि आमच्या पोराला दिसतो तो एक गोल शिक्का. आता माझा पुरावा ऐक. अमेरिकेत अनेक राज्यांच्या लॉटऱ्या मिळून एक संस्था चालवतात. तिथल्या माहिती-सुरक्षा विभागाचा प्रमुख होता एडी टिप्टन. सोडत काढणाऱ्या यंत्राचा प्रोग्राम त्यानेच लिहिला आणि त्यात काही ओळी जास्तीच्या घातल्या. वर्षातले ठरावीक तीन दिवस, त्यातही बुधवार किंवा शनिवार असेल आणि रात्रीचे आठ वाजून गेले असतील, तर आकडे त्याला आधी काढता येतील अशा पद्धतीने यायचे. बाकी सगळं वर्ष यंत्र अगदी सोवळं. 29 डिसेंबर 2007 ला विस्कॉन्सिनमधली सोडत अशी गेली. 29 डिसेंबर 2010 ला हॉट लॉटोची 1 कोटी 65 लाख डॉलरची सोडत, तारीख तीच. दुकानात तिकीट घेताना तो कॅमेऱ्यात सापडला, म्हणून हे उघडकीला आलं. 2017 मध्ये त्याला पंचवीस वर्षांपर्यंतची शिक्षा झाली. आता सांग, ते यंत्र बाहेरच्या प्रयोगशाळेने तपासून मान्य केलेलं होतं की नाही?”

“होतं.”

“मग?”

येथे तरुणाला जरा थांबावे लागले. त्याने दिलेले उत्तर या सगळ्या चर्चेतले सर्वात कामाचे म्हणावे लागेल, कारण त्यात बचाव कमी आणि माहिती जास्त होती.

“मग असं, की आकड्यांची चाचणी आणि कोडचं वाचन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टिप्टनचं यंत्र कुठल्याही मंगळवारी चाचणीला लावा, लाखो आकडे काढा, डायहार्ड लावा, ते पास होणार. लबाडी वर्षातल्या तीन दिवसांत दडवलेली असेल, तर ती आकड्यांतून कधीच दिसणार नाही. ती दिसते फक्त ओळ न् ओळ वाचणाऱ्याला. ‘आज तारीख कोणती’ हा प्रश्न सोडत काढणारा प्रोग्राम कशासाठी विचारतोय, एवढी शंका ज्याला येईल त्याला. म्हणून प्रमाणपत्र हातात आलं की मी आधी हे बघतो, की तपासणी कोडची झाली आहे की नुसत्या आकड्यांची. दोन्हींवर शिक्का मात्र सारखाच दिसतो. इथे तुमचा आक्षेप मला मान्य आहे.

“पण कोड नीट वाचला असेल, तर त्यापुढची सोय चांगली आहे. तपासलेल्या प्रत्येक महत्त्वाच्या फाइलचा हॅश काढतात. फाइलवरून निघालेला अक्षर-आकड्यांचा एक लांब ठसा म्हणा. फाइलमध्ये एक स्वल्पविराम बदलला तरी ठसा पार वेगळा येतो. प्रमाणपत्रात फाइलचं नाव, आवृत्ती आणि हा ठसा नोंदवतात. उद्या कंपनीने गुपचूप कोड बदलला, तर ठसा जुळणार नाही.”

“ठसा जुळतो की नाही, हे बघायला कोण जातं?”

“जिथे नियामक आहे तिथे नियामक जातो, किंवा प्रयोगशाळेला पाठवतो. ब्रिटनमध्ये परवाना असलेल्या कंपन्यांचं दरवर्षी ऑडिट होतं, बदललेल्या फाइलींची नोंद दाखवावी लागते.”

“आणि रमीच्या ॲपसाठी इथे कोण जात होतं?”

“खेळणाऱ्याला तर ते शक्यच नाही, कारण ती फाइल त्याच्या मोबाइलमध्ये नसते, सर्व्हरवर असते. सिक्कीमने 2008 मध्ये आणि नागालँडने 2016 मध्ये परवान्याचे कायदे केले. पण महाराष्ट्रातल्या खेळणाऱ्याच्या वतीने सर्व्हरपाशी जाऊन ठसा जुळवणारं कार्यालय नव्हतं.”

वकिलांनी त्याचीच काट्याची उपमा त्याच्यावर उलटवली. “म्हणजे तुझा वैधमापनचा शिक्का असा झाला, की निरीक्षकाने पुण्यात एक काटा तपासला, आणि उमरग्यातला व्यापारी म्हणतो की माझ्या आतल्या खोलीत तोच काटा आहे, विश्वास ठेवा. आपल्याकडे काट्यावर वर्ष आणि तिमाही कोरलेली असते. शेतकरी ती वाचू शकतो, तक्रार करू शकतो, निरीक्षक दुकानात शिरू शकतो. शिक्क्याला किंमत येते ती या शिरण्यामुळे. तोलणारं यंत्र एका दिवशी बरोबर होतं याला काय चाटायचंय?”

तरुणाने एवढेच म्हटले, की एक दिवस तपासलेले यंत्र कधीच न तपासलेल्या यंत्रापेक्षा बरे. यावर दोघांचे एकमत होणे शक्य नव्हते, आणि विषय दुसरीकडे वळला हे बरेच झाले. कारण तोवर दोघेही पत्ते नीट पिसले जातात का, एवढ्यावरच बोलत होते. शिक्क्याची हद्द त्याच्या पलीकडे जातच नाही.

“पत्ते अगदी गंगेच्या पाण्याइतके शुद्ध वाटले, असं धरू,” वकील म्हणाले. “अल्टिमेटबेट नावाच्या पोकर साइटवर पत्ते वाटण्यात खोट नव्हती. तिथे आतल्या लोकांच्या काही खात्यांना समोरच्याचे झाकलेले पत्ते दिसत होते. हे काही वर्षं चाललं. कॅनडातल्या कानावाके आयोगाने 2008 मध्ये चौकशी केली, आणि खेळाडूंना परत द्यायची रक्कम निघाली सुमारे 2 कोटी 20 लाख डॉलर. ते शोधलं कोणी? खेळाडूंनीच. एक खातं इतकं सातत्याने जिंकत होतं, की नशिबाचा हिशेब बसेना. म्हणून त्यांनी हजारो डावांच्या नोंदी मांडून दाखवल्या. प्रयोगशाळेचा आरएनजीचा शिक्का यात कुठे आड आला असता?”

“नसता आला. कारण ते तपासणं आरएनजीच्या प्रमाणपत्रात येतच नाही. प्रमाणपत्रावर ‘व्याप्ती’ म्हणून एक ओळ असते. तिथे फक्त आरएनजी लिहिलं असेल, तर फक्त आरएनजी. संपूर्ण गेमिंग सिस्टिम तपासायची तर त्यासाठी वेगळं मानक आहे, जीएलआय-19. त्यात खात्यांची सुरक्षा, डावांच्या नोंदी, कोणाला काय दिसतं, हे सगळं येतं. ते महाग आणि वेळखाऊ आहे.”

“आणि बॉट? समोर माणूस बसलाय की कंपनीचा प्रोग्राम? 2025 च्या नोव्हेंबरमध्ये ईडीने विंझो कंपनीवर तोच आरोप ठेवला, की खेळाडूंना न सांगता त्यांच्यासमोर सॉफ्टवेअर खेळवलं.”

“आरोप आहे, सिद्ध व्हायचाय. कंपनीने तो फेटाळलाय. पण प्रश्न खरा आहे, हे सरकारलाही आधी सुचलं होतं. जानेवारी 2023 मध्ये आयटी नियमांच्या दुरुस्तीचा मसुदा आला, त्यात प्रत्येक खेळासाठी दोन प्रमाणपत्रं मागितली होती. एक आरएनजीचं, दुसरं बॉट नसल्याचं. तपासणारा म्हणून सांगतो, पहिलं देता येतं, दुसरं देणं फार अवघड. दिलेल्या कोडमध्ये बॉट नाही, हे मी सांगू शकतो. पण बॉट त्या कोडच्या आत असण्याची गरजच नाही. तो दुसऱ्या संगणकावरून साध्या खेळाडूसारखा लॉगिन करून बसेल. त्याला पकडायचं तर चालू टेबलाच्या नोंदी रोज बघाव्या लागतात, की हे खातं सारख्याच अंतराने पत्ता टाकतं का, झोपतं का, पैसे कधी काढतं का. ते एका दिवसाच्या तपासणीत बसत नाही.”

मग वकिलांनी कागद पुढे ओढला आणि एक हिशेब मांडला. खरे तर हा हिशेब शिक्क्याच्या शेजारीच छापायला हवा.

“दोन जण रमी खेळतात. दोघेही सारखेच हुशार. पत्ते निर्दोष, बॉट नाही, चोरून बघणारा नाही. दोघांनी शंभर-शंभर लावले. समजा, कंपनी दहा टक्के कापते. दोनशेतले वीस गेले, जिंकणाऱ्याला एकशेऐंशी. सारखेच हुशार म्हणजे निम्मे डाव हा जिंकणार, निम्मे तो. सरासरीने प्रत्येक डावाला प्रत्येकाचे दहा रुपये जातात. शंभर डावांनंतर दोघेही हजार-हजारांनी खाली. म्हणजे टेबलावर कोणीच जिंकलेला नाही. इथे फसवणूक कुठे झाली? कुठेच नाही. सगळं प्रमाणित आहे. माझ्याकडे येणारा पोरगा विचारतो, की साहेब, मला फसवलं का? मी काय सांगू? तुझे पत्ते बरोबर वाटले होते, आणि म्हणूनच तू इतका वेळ बसलास?”

तरुणाने यावर वाद घातला नाही. स्लॉटसारख्या खेळांत प्रयोगशाळा शंभर रुपयांमागे सरासरी किती परत येतात याची टक्केवारी तपासते, एवढे त्याने नोंदवले. 96 टक्के लिहिले असेल, तर गणित आणि कोड 96 च देतात ना, हे ती पाहते. मात्र 96 हा आकडा खेळणाऱ्याच्या हिताचा आहे की नाही, हे ठरवणे तिचे काम नाही. राहिलेले चार टक्के प्रत्येक फेरीला जातात, आणि मिनिटाला दहा फेऱ्या होतात.

कायद्याकडे येताना त्याने रस्त्याचे उदाहरण दिले. “तेलंगणाने 2017 मध्ये पैशांची रमी बंद केली. तेव्हापासून उमरग्याहून हैदराबादला निघालेला माणूस हुमनाबाद मागे टाकून जहिराबादेत शिरला, की ॲपने त्याची जागा ओळखून पैशांचा खेळ बंद करायचा. शिक्का मात्र तिथेही तसाच. आरएनजीही तोच. तो खेळ कायदेशीर आहे की नाही, याबद्दल प्रमाणपत्र एक अक्षर बोलत नाही.”

“आता तर हद्दीचा प्रश्नच मिटला,” वकील म्हणाले. “22 ऑगस्ट 2025 ला राष्ट्रपतींची सही झाली, आणि कौशल्याचा असो की नशिबाचा, पैशांचा ऑनलाइन खेळ चालवण्यावर देशभर बंदी आली. तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड. मोठ्या कंपन्यांनी काही दिवसांतच पैशांचे डाव थांबवले.”

“आणि ज्यांचे कोड निदान एकदा तरी कोणी वाचले होते, तेच गेले. उरल्या त्या टेलिग्रामवरून येणाऱ्या लिंका. त्यांच्या पानावरही शिक्का असतोच, पण तो नुसतं चित्र असतो, कुठूनही उचलून चिकटवलेला. खरा शिक्का दाबला की प्रयोगशाळेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर प्रमाणपत्र उघडतं. त्यावर कंपनीचं नाव, साइटचा पत्ता, खेळाचं नाव, तारीख आणि व्याप्ती असते. यातला साइटचा पत्ता तुमच्या पडद्यावरच्या पत्त्याशी अक्षराला अक्षर जुळला पाहिजे. बहुतेक ठिकाणी दाबल्यावर काही उघडतच नाही.”

“आणि समजा, उघडलं आणि सगळं जुळलं?”

“तर एवढंच कळलं, की त्या तारखेला, त्या फाइलीत, पत्ते बरोबर पिसले जात होते. बंदीने हे कळण्याची सोयही गेली, ही माझी तक्रार.”

“ती सोय होती म्हणूनच लोकांना तो खेळ सरकारमान्य वाटला, ही माझी.”

दोघांचे शेवटपर्यंत जुळले नाही. एक शिक्का तरुणाच्या बोलण्यात आला नाही आणि वकिलांच्याही आला नाही. एप्रिल 2023 मध्ये आयटी नियमांची दुरुस्ती अधिसूचित झाली. तीत पैशांच्या प्रत्येक मान्य खेळावर स्वनियामक संस्थेने पडताळणी केल्याची ठळक खूण दाखवणे बंधनकारक केले होते. खाजगी प्रयोगशाळेच्या शिक्क्यापेक्षा ही खूण वेगळी होती. खेळाडूचे नुकसान, तक्रार निवारण, वयाची अट हे सगळे त्या पडताळणीत येणार होते. ती देणारी एकही संस्था केंद्राने अधिसूचित केली नाही, आणि बंदी येईपर्यंत ती खूण एकाही खेळावर लागली नाही.